चार म्हणी, एक मोटर

सातवीच्या परीक्षेतला एक ठरावीक प्रश्न असा असतो: डावीकडे पाच म्हणी, उजवीकडे पाच अर्थ, जोड्या लावा. मूल तीन म्हणींचे अर्थ पाठ करून येतं, चौथ्याचा अंदाज बांधतं आणि पाचवी जोडी आपोआप लागते. पाचपैकी पाच गुण मिळतात. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी सांगावं, की तुझ्या शेजारच्या बाकावर आत्ता जे घडलं त्याला यातली कोणती म्हण लावशील, तर ते गप्प बसतं. अर्थ येतो, पण तो कुठे बसवायचा ते येत नाही.

याचं कारण मुलांच्या आळसात शोधू नये. गाईडमध्ये छापलेला अर्थ हा म्हणीचा सारांश असतो, आणि सारांश करताना नेमकं तेच गळून पडतं ज्यामुळे एक म्हण दुसरीपेक्षा वेगळी ठरते. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’, ‘गरजवंताला अक्कल नसते’, ‘कामापुरता मामा’ आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ या चार म्हणींचे अर्थ कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात काढून बघा. चारही ठिकाणी गरज आहे, चारही ठिकाणी कुणाकडून तरी काम करून घेणं आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ही चार वाक्यं एकाच माळेचे मणी वाटतात. घरात आजी मात्र या चारांत कधी गोंधळ करत नाही, कारण तिने एकीचाही अर्थ कधी ऐकलेला नाही. तिने फक्त प्रसंग ऐकलेत.

तेव्हा शिकवायची गोष्ट म्हणजे प्रसंग. पण ‘प्रसंगातून शिकवा’ एवढं म्हणून भागत नाही. बहुतेक शिक्षक प्रत्येक म्हणीला एक गोष्ट सांगतात, मुलं हसतात, तास संपतो. एका म्हणीला एकच प्रसंग दिला की मुलाला वाटतं, म्हण म्हणजे तोच प्रसंग. मी ज्या पद्धतीबद्दल लिहितो आहे तिचा भर उलट बाजूला आहे: जवळजवळ बसणारे, पण न बसणारे प्रसंग समोर ठेवणं. म्हणीची हद्द तिथेच दिसते.

वरच्या चार म्हणींचाच तास घेऊ. पस्तीस-चाळीस मिनिटांचा एक तास पुरतो, पण चारपेक्षा जास्त म्हणी घेऊ नयेत. निवडताना मात्र एकमेकींशी भांडणाऱ्या म्हणी निवडाव्यात. ‘कामापुरता मामा’ आणि ‘पालथ्या घड्यावर पाणी’ शेजारी ठेवल्या तर डोकं चालवायची गरजच उरत नाही. चार-चार मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला सहा चिठ्ठ्या द्याव्यात. म्हणी चार आणि चिठ्ठ्या सहा, हे मुद्दाम. सगळ्या चिठ्ठ्यांमध्ये माणसं तीच, वस्तू तीच ठेवायची. विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय, तन्वीचा गट पवनचक्की करतोय आणि त्यांना एक छोटी मोटर हवी आहे.

पहिली चिठ्ठी: तन्वी आणि सोहम एकाच बसने शाळेत येतात, पण वर्षभरात ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. सोमवारी तिला कळलं, की सोहमकडे मोटर आहे. मंगळवारी तिने बसमध्ये त्याच्यासाठी जागा धरली, डब्यातला लाडू दिला, ‘तुझं अक्षर काय सुरेख आहे रे’ म्हणाली. बुधवारी मोटर मागितली.

दुसरी: सोहमने मोटर दिली, वर शाळा सुटल्यावर तासभर थांबून तारा जोडून दिल्या. तन्वीच्या गटाला बक्षीस मिळालं. फोटो काढताना सोहम बाजूलाच उभा होता. तन्वीने त्याच्याकडे पाहिलं आणि मैत्रिणींशी बोलत पुढे निघून गेली.

तिसरी: सोहम वर्गातला दांडगट. खेळण्यातली गाडी फोडताना ही मोटर त्याच्या हाती लागली. ती कशाला वापरतात हेही त्याला ठाऊक नाही. तो म्हणाला, ‘आठवडाभर माझा गृहपाठ तू लिहायचा आणि सगळ्यांसमोर मला सोहमसर म्हणायचं.’ वर्गात पहिली येणारी तन्वी म्हणाली, ‘बरं, सोहमसर.’

चौथी: प्रदर्शन उद्यावर आलंय, रात्रीचे आठ वाजलेत. एरवी साठ रुपयांना मिळणाऱ्या मोटरचे दुकानदाराने दीडशे सांगितले. चालेल की नाही सांगता येत नाही, परत घेणार नाही, असंही म्हणाला. तन्वीने तपासूनही न बघता पैसे दिले.

पाचवी: तन्वीने सोहमला मोटर मागितली. त्याने दिली. प्रदर्शन झाल्यावर तिने ती परत केली आणि थँक्यू म्हणाली. दोघं आधी जितपत बोलत होते तितपत पुढेही बोलत राहिले.

सहावी: सोहमने मोटर दिली. प्रदर्शन झालं आणि तन्वी आठ दिवस शाळेतच आली नाही. तिला ताप होता. सोहम मित्रांना म्हणाला, ‘बघा, मोटर घेऊन पळाली.’ नवव्या दिवशी तन्वीने मोटर आणून दिली.

पहिल्या चारांची उत्तरं वाचकांना सांगायला नकोत. वर्गात पहिल्या पाच मिनिटांत त्या लागतातही. खरा तास पुढे सुरू होतो. पाचव्या चिठ्ठीवर निम्मे गट ‘कामापुरता मामा’ ठेवतात, कारण त्यांच्या डोक्यात या म्हणीचा अर्थ ‘काम असताना बोलणे’ असा बसलेला असतो. इथे शिक्षकाने उत्तर देऊ नये, एक प्रश्न विचारावा: यात मामा कुठे केलाय? तन्वीने खोटं नातं जोडलं का? मोटरीसाठी ती अचानक गोड झाली का? नाही. मागितली, मिळाली, परत केली. ही चिठ्ठी कुठल्याच म्हणीखाली जात नाही, आणि ‘कुठेच नाही’ हेही एक उत्तर असू शकतं, याचा मुलांना धक्का बसतो. शाळेतल्या जोड्यांमध्ये असं कधी होत नाही ना!

सहावी चिठ्ठी याच्यापुढे एक पाऊल जाते. तिथे सोहमच्या तोंडी ‘गरज सरो, वैद्य मरो’ शोभेल, पण तन्वीला ते लागू पडत नाही. म्हणजे म्हण चूक नाही, बोलणाऱ्याची माहिती अपुरी आहे. काही मुलं हे स्वतःहून सांगतात आणि मग वाद चांगला रंगतो. रंगू द्यावा.

तिसऱ्या आणि चौथ्या चिठ्ठीवरून होणारा वाद मात्र शिक्षकाला नीट हाताळावा लागतो, कारण तिथे मुलांचं म्हणणं पुष्कळदा बरोबर असतं. ‘गरजवंताला अक्कल नसते’ याच्या रूढ अर्थात अडलेल्या माणसाने दुसऱ्याचं वाटेल तसं बोलणं-वागणं सोसणंही येतं. मग तिसऱ्या चिठ्ठीला तीच म्हण का नाही चालणार? चालेल. पण ‘अडला हरी’ जास्त नेमकी बसते, कारण त्या म्हणीत गाढव आहे. हरीसारख्याने गाढवाचे पाय धरण्यातली विसंगती हा तिचा प्राण आहे: मागणारा मोठा, देणारा त्या लायकीचा नाही. हे पटवायला एक सोपा उपाय आहे. चिठ्ठीतला एकच तपशील बदलायचा. सोहम दांडगट नाही, विज्ञानात हुशार आणि मदतीला तत्पर आहे असं धरा. तन्वीने त्याची विनवणी केली तर? ‘अडला हरी’ लगेच गळून पडते. सोहमला कोण गाढव म्हणणार? दुसरा तपशील बदला: तन्वी स्वतःच वर्गात शेवटची. मग हरीचं हरीपण जातं. ज्या तपशिलाला हात लावल्यावर म्हण कोसळते तो तिचा खांब. प्रत्येक गटाला एक म्हण द्यावी आणि तिचा खांब शोधायला सांगावा. ‘कामापुरता मामा’चा खांब काम होण्याआधीच्या गोडव्यात आहे, ‘गरज सरो’चा काम झाल्यानंतरच्या विस्मरणात. दोन्हींमध्ये एक दिवसाचं अंतर आहे, एवढाच काय तो फरक. पहिली आणि दुसरी चिठ्ठी एकापुढे एक जोडून एकच गोष्ट केली तर दोन्ही म्हणी लागतात. आपण कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय त्यावर निवड ठरते.

चिठ्ठ्या लिहिताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे शब्द फुटतो. चिठ्ठीत ‘गरज’ हा शब्द आला की मूल प्रसंग वाचतच नाही, शब्दाला शब्द जोडतं. म्हणीतला किंवा गाईडमधल्या अर्थातला एकही शब्द चिठ्ठीत नसावा. ‘गोड बोलली’ असंही लिहू नये, लाडू द्यावा. दुसरी चूक म्हणजे चिठ्ठीच्या शेवटी निवाडा देऊन टाकणं: ‘अशी ती स्वार्थी निघाली.’ निवाडा मुलांनी करायचा असतो. आणि हो, चिठ्ठी रोजच्या जगण्यातली हवी. राजा, प्रधान, शेतकरी आणि चार मुलगे यांच्या गोष्टीत म्हण बसवली की ती परत गोष्टीतच राहते.

हे सगळं याच वयात का करायचं, यालाही कारण आहे. मेरिलिन निपोल्ड या अमेरिकी भाषाविकासतज्ज्ञांनी 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचवी, आठवी आणि अकरावीच्या मुलांना म्हणींचे अर्थ विचारले होते. वयाबरोबर समज वाढत गेली. आणि ज्या म्हणींमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू होत्या किंवा ज्या आधी कानावर पडल्या होत्या, त्या मुलांना सोप्या गेल्या. त्या म्हणी इंग्रजी होत्या, पण आपल्याकडे वर्गात हेच दिसतं. पाचवीतल्या मुलाला ‘गर्वाचे घर खाली’ जड जाते, ‘नाचता येईना अंगण वाकडे’ जात नाही. सहावी ते आठवी या तीन वर्षांत मूल या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं.

आता दिसणाऱ्या वस्तूंचीच अडचण आहे. शेर, उखळ, मुसळ, बाशिंग यांतलं काहीच शहरातल्या मुलाने पाहिलेलं नसतं. म्हणून काही शिक्षक प्रत्येक वस्तूचं चित्र दाखवतात आणि तास वस्तुसंग्रहालयाच्या सहलीसारखा होतो. माझ्या मते वस्तू तेव्हाच समजावावी जेव्हा तिच्याशिवाय म्हणीचा खांब दिसत नाही. ‘शेरास सव्वाशेर’ला शेर म्हणजे साधारण 933 ग्रॅम हे कळून काही उपयोग नाही, एकाला सव्वा भारी पडतो एवढं पुरे. पण ‘कामापुरता मामा’ला जोडून ‘ताकापुरती आजी’ म्हणतात, तिथे ताक फुकट वाटलं जायचं हे सांगावंच लागतं. ज्या घरी दुभतं जनावर असायचं तिथे लोणी काढल्यावर ताक उरायचं, शेजारपाजारची पोरं तांब्या घेऊन यायची आणि त्या घरच्या म्हातारीला त्या क्षणापुरती ‘आजी, आजी’ करायची. ताक पिशवीतून विकत घेणाऱ्या पिढीला हे सांगितल्याशिवाय आजी आणि ताक यांचा संबंध लागणार नाही.

‘उंटावरून शेळ्या हाकणे’ आणि ‘उंटावरचा शहाणा’ यांत मुलंच काय, मोठेही घसरतात. दोन्हीकडे उंट असल्याने दोन्ही एकच वाटतात. पहिल्यात माणूस उंच बसलाय, शेळ्या खाली आहेत, आणि तो खाली न उतरता हुकूम सोडतोय; यात तो मूर्ख असायची गरज नाही, फक्त कामाला हात लावत नाही. दुसऱ्यामागे लोककथा आहे. वासराचं डोकं रांजणात अडकतं, सल्ला द्यायला उंटावरून एक शहाणा येतो, दारातून उंट मावत नाही म्हणून दारच पाडावं लागतं, आणि सल्ला काय, तर आधी वासराचं मुंडकं कापा, मग रांजण फोडा! इथे खांब वेडगळ सल्ल्यात आहे. घरच्या गणपतीच्या आराशीच्या वेळी सोफ्यावर बसून ‘तो दिवा थोडा डावीकडे घे’ सांगणारा दादा शेळ्या हाकतो. दिवा लागत नाही म्हणून अख्ख्या घराची वायरिंग उखडायला सांगणारे काका उंटावरचे शहाणे. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की पुन्हा समजवावं लागत नाही.

वाक्प्रचारांची गोष्ट थोडी निराळी आहे. म्हण अख्खी उचलून ठेवता येते. वाक्प्रचाराला वाक्यात शिरून रूप बदलावं लागतं. इथे मुलांच्या चुका अर्थापेक्षा रचनेत जास्त होतात. ‘तोंडचे पाणी पळणे म्हणजे घाबरणे’ हे पाठ केलेलं मूल ‘घाबरणे’च्या साच्यात नवा शब्द ओततं आणि लिहितं, ‘वाघ पाहून राजू तोंडचे पाणी पळाला.’ तसंच ‘कंबर कसणे’चं: ‘परीक्षेसाठी माझी कंबर कसली.’ दोष ‘-णे’ लावून यादी देण्याच्या सवयीत आहे. त्या रूपात कुणी काय केलं, कुणाचं काय झालं, हे दिसतच नाही. त्याऐवजी फळ्यावर असं लिहावं: ‘अमक्याच्या तोंडचं पाणी पळतं’, ‘अमका कंबर कसतो’, ‘अमक्याच्या नाकी नऊ येतात’, ‘अमका तमक्याच्या तोंडाला पानं पुसतो’. अमका आणि तमका या दोघांनी अर्धं व्याकरण सांभाळलं जातं. मग प्रसंग द्यायचा आणि अमक्याच्या जागी त्यातलं माणूस बसवायचं.

‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नातून निसटायच्या युक्त्याही मुलांनी शोधून ठेवल्यात. ‘सरांनी आम्हाला नाकी नऊ येणे हा वाक्प्रचार शिकवला’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ‘आईच्या नाकी नऊ आले’ हे त्याहून बरं, तरी मुलाला अर्थ कळलाय की नाही हे त्यातून दिसत नाही. यावर दोन वाक्यांची अट घालावी. पहिल्या वाक्यात प्रसंग, वाक्प्रचाराशिवाय: ‘लग्नघरी पन्नास पाहुणे उतरले आणि त्याच दिवशी पाण्याचा टँकर आला नाही.’ दुसऱ्यात वाक्प्रचार: ‘सगळ्यांच्या आंघोळी उरकता उरकता मामीच्या नाकी नऊ आले.’ दुसरं वाक्य झाकलं तरी पहिल्यावरून वाक्प्रचाराचा अंदाज आला पाहिजे. शेजारच्या मुलाला तो आला तर उत्तर बरोबर.

म्हणींकडे परत येताना एक प्रश्न उरतो, जो गाईडमध्ये कधीच नसतो: ही म्हण कोण बोलतं, कुणाला, आणि तोंडावर की पाठीमागे? चार म्हणींचं उत्तर चार तऱ्हांचं आहे. ‘अडला हरी’ माणूस स्वतःबद्दलही म्हणतो, जरा हसून, जरा कपाळावर हात मारून. ‘गरजवंताला अक्कल नसते’ हेही फसल्यावर स्वतःला म्हणता येतं. ‘कामापुरता मामा’ मात्र स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही. ते तिसऱ्याला सांगायचं असतं, किंवा अगदी भांडणात तोंडावर मारायचं. ‘गरज सरो, वैद्य मरो’ बहुतेकदा वैद्यच म्हणतो, म्हणजे ज्याला विसरलं गेलं तो. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मुलांना हे बोलून दाखवायला लावावं: दुसऱ्या चिठ्ठीतला सोहम घरी येऊन आईला काय सांगेल? तिसऱ्या चिठ्ठीतली तन्वी मैत्रिणीला काय सांगेल, आणि हेच ती सोहमला तोंडावर सांगू शकेल का? ‘अडला हरी’ त्याच्यासमोर म्हटलं तर मोटर जाईल, हे मुलांना लगेच कळतं. वडीलधाऱ्यांपुढे कोणती म्हण गिळायची, हाही म्हणीच्या अर्थाचाच भाग आहे.

घरून म्हणी गोळा करून आणायचा गृहपाठ देताना याच प्रश्नांचा कागद द्यावा. नुसती म्हण आणू नका. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, त्याआधी काय घडलं होतं, ते लिहून आणा. पुण्यातल्या वर्गात वऱ्हाडी किंवा मालवणी आजीची म्हण आली तर ती तिच्याच रूपात लिहावी, सुधारू नये. वहीत अशा म्हणीही येतील, ज्यांत एखाद्या जातीचं नाव घेऊन टिंगल आहे किंवा बाईच्या अकलेवर शेरा आहे. घरात त्या सहज बोलल्या जातात, मूल निरागसपणे लिहून आणतं. त्या वर्गात मोठ्याने वाचायच्या नाहीत, पण वही लाल करूनही मोकळं होऊ नये. ज्याच्यावर ती म्हण आहे तो या वर्गात बसलेला आहे असं समजून ‘कोण, कुणाला’ हा रकाना पुन्हा भरायला सांगावा. सातवीतल्या मुलांना तेवढं पुरतं.

अर्थाबद्दल शंका आली तर शिक्षकांसाठी दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे. 1940च्या दशकात दोन भागांत निघालेला हा कोश अजूनही या विषयातला भरवशाचा आधार आहे. त्यात काही अर्थ आजच्या वापराहून वेगळे सापडतील. तेव्हा वर्गात आजचा वापर धरावा.

शेवटी परीक्षा. शिष्यवृत्तीला आणि वार्षिकला एका ओळीचा अर्थच विचारतात, हे कुणी नाकारू नये. म्हणून तासाच्या शेवटी प्रत्येक गटाने आपल्या म्हणीचा अर्थ स्वतः एका वाक्यात लिहावा आणि मग गाईड उघडावं. मुलांचं वाक्य लांबतं, पण त्यात खांब असतो, आणि गाईडमधलं वाक्य मग त्यांना आपल्या वाक्याचं छोटं रूप म्हणून लक्षात राहतं. शिकवलेलं टिकलं का, हे त्याच दिवशी कळत नाही. आठवड्याने मोटर, तन्वी, सोहम यांपैकी काहीच नसलेल्या तीन नव्या चिठ्ठ्या द्याव्यात: क्रिकेटची बॅट, ट्यूशनच्या नोट्स, शेजाऱ्यांकडचं वायफाय. त्यांपैकी एक कुठेच न बसणारी असावी. ज्या मुलाने तीही एखाद्या म्हणीत कोंबली त्याला अजून अर्थच पाठ आहे. त्याच्यासोबत पाचवी चिठ्ठी पुन्हा काढावी.